आधी स्क्रीनशॉट, मग शूटिंग

“ताई, नमस्कार. तुमचे कुळीथ-नाचणीचे व्हिडिओ आमच्या घरी आई नेहमी बघते. मी गडकिल्ल्यांचं चॅनेल चालवतो. गडाच्या पायथ्याच्या गावातलं जेवण, असा एक व्हिडिओ आपण मिळून करावा असं मनात आहे. पण ठरवण्याआधी एक विनंती. माझ्या स्टुडिओतले गेल्या ९० दिवसांचे स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय. ऑडियन्सचा टॅब, व्ह्यूज कुठून येतात तो तक्ता आणि शेवटच्या तीन मोठ्या व्हिडिओंचे रिटेन्शनचे आलेख. कमाईचा भाग कापला आहे. तुम्हाला चालत असेल तर तुमचेही एवढेच पाठवाल का? मी ते बाहेर कुणाला दाखवणार नाही. नको वाटलं तर मोकळेपणाने सांगा, राग नाही.”

यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्या दोघांमध्ये हल्ली अशा धाटणीचे निरोप जात असतात. इथला गडवाला तरुण आणि रत्नागिरीकडची स्वयंपाकवाली ताई ही जोडी मी समजावण्यासाठी मनाने रचली आहे, त्यांचे पुढे येणारे आकडेही तसेच. पण ज्या पडद्यांवर असे आकडे दिसतात ते पडदे खरे आहेत आणि त्या आकड्यांवरून निघणारे निष्कर्षही रोजच्या व्यवहारातले आहेत.

बाहेरच्या माणसाला हा निरोप जरा व्यापारी वाटतो. आईच्या आवडीने सुरुवात करून तिसऱ्या वाक्यात थेट आकडे मागायचे, हे काही बरं दिसत नाही, असं वाटू शकतं. मला मात्र हा निरोप चांगला वाटतो, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे त्याने स्वतःचे आकडे आधी पाठवले आहेत. नुसतं “तुमचे ॲनालिटिक्स पाठवा” म्हणणारे निरोप पुष्कळ येतात. त्यांत मागणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. शिवाय या तरुणाने मुदत सांगितली आहे, नेमके कुठले पडदे हवेत ते सांगितलं आहे आणि कमाई वगळली आहे. म्हणजे काय बघायचं हे त्याला ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की, आकडे तर चॅनेलवर उघड दिसतातच, मग स्क्रीनशॉट कशाला? तरुणाचे १ लाख ८० हजार सबस्क्रायबर आहेत, ताईंचे ४२ हजार. हे कुणालाही दिसतं. तेवढ्यावर गेलं तर ताईंनी आनंदाने उडी मारावी आणि तरुणाने स्वतःला उपकारकर्ता समजावं, असं चित्र उभं राहतं. पण सबस्क्रायबर म्हणजे कधी काळी बटण दाबलेली माणसं. लग्नाच्या पत्रिका किती वाटल्या यावरून पंगतीला किती पानं वाढायची हे ठरत नाही, तसंच हे आहे. नवा व्हिडिओ टाकला की किती जण येतात, कुठून येतात आणि आल्यावर किती वेळ थांबतात, हे ज्याच्या त्याच्या यूट्यूब स्टुडिओतच दिसतं, आणि कोलॅबसाठी कामाचं तेवढंच असतं.

तरुणाच्या पहिल्या पडद्यापासून सुरुवात करू. गेल्या ९० दिवसांत त्याला १० लाख व्ह्यूज मिळाले आहेत. आकडा भरघोस आहे. पण त्याच्या शेजारी व्ह्यूज कुठून आले याचा तक्ता आहे आणि त्यात ‘शॉर्ट्स फीड’ या नावापुढे ७८ टक्के आहेत. म्हणजे ७ लाख ८० हजार व्ह्यूज उभ्या, छोट्या व्हिडिओंचे. अंगठ्याने पडदा वर सरकवत बसलेल्या माणसाच्या समोर गडाचा ड्रोनवरून घेतलेला एक तुकडा आला, त्याने तो पाहिला आणि तो पुढे गेला. त्यातही ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्स मोजण्याची रीत बदलली आहे. आता शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान इतके सेकंद पाहिला पाहिजे अशी अट नाही. जुन्या रीतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळा दिसतो. ज्यांचं चॅनेल शॉर्ट्सवर चालतं त्यांच्या एकूण व्ह्यूजकडे म्हणूनच जरा हात राखून बघावं.

उरले २ लाख २० हजार. या तीन महिन्यांत त्याने दहा मोठे व्हिडिओ टाकले आणि त्यांना मिळून १ लाख ९१ हजार व्ह्यूज आले. सरासरी काढली तर व्हिडिओमागे १९ हजार येते. पण यादी उघडली की दिसतं, नऊ व्हिडिओ ९ हजारांच्या आसपास आहेत आणि एक १ लाख १० हजारांवर गेला आहे. पावसाळ्यात एका गडाच्या वाटेवर अडकलेल्यांचा तो व्हिडिओ होता. तसं दर महिन्याला घडत नाही आणि घडूही नये. सरासरी त्या एका व्हिडिओने फुगवली आहे. त्याच्या पुढच्या व्हिडिओचा अंदाज बांधायचा तर ९ हजार धरायचे, १९ हजार नव्हे. दहांना चढत्या क्रमाने लावून मधला बघायचा, एवढाच हिशोब. हे करायला स्क्रीनशॉटही लागत नाही, चॅनेलच्या पानावर बसून कुणालाही करता येतं. पण करतं कोण?

आता ताईंचे पडदे. ९० दिवसांत ४ लाख व्ह्यूज, शॉर्ट्स जवळजवळ नाहीत. त्यांनी या काळात आठ नवे व्हिडिओ टाकले आणि त्यांना मिळून ६४ हजार व्ह्यूज आले, म्हणजे प्रत्येकी साधारण ८ हजार. उरलेले ३ लाख ३६ हजार व्ह्यूज जुन्या पाककृतींचे आहेत. चार वर्षांपूर्वीचे उकडीचे मोदक, तीन वर्षांपूर्वीची सोलकढी. व्ह्यूज कुठून येतात त्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर ‘यूट्यूब सर्च’ आहे.

इथे दोघांचे आकडे शेजारी ठेवले की सगळं चित्र पालटतं. नवा व्हिडिओ टाकल्यावर गडवाल्याकडे ९ हजार येतात आणि ताईंकडे ८ हजार. सबस्क्रायबरांत चौपटीहून जास्त अंतर आहे, पण कोलॅबच्या दृष्टीने हे दोघं बरोबरीचे आहेत. इतकंच काय, दीड-दोन वर्षांच्या हिशोबात ताईंचं पारडं जड आहे. त्यांच्या चॅनेलवर टाकलेली पाककृती शोधातून वर्षानुवर्षं बघितली जाते, तर गडवाल्याच्या व्हिडिओची बहुतेक गर्दी पहिल्या आठवड्यात येते आणि ओसरते. निरोप पाठवताना त्या तरुणाच्या मनात आपण मोठे आहोत असं कुठेतरी असेल, तर या पडद्यांनी ते उतरायला हवं.

व्ह्यूजच्या उगमाचा हा तक्ता नीट बघण्यासारखा असतो, कारण व्हिडिओ कसा करायचा तेच त्यावरून ठरतं. ताईंकडे शोधून येणारा माणूस ताईंना शोधत नसतो. तो ‘कुळथाचं पिठलं’ असं टाइप करतो आणि ताई सापडतात. अशा चॅनेलवर “गडवाल्या दादासोबत एक दिवस” असं शीर्षक दिलं तर ते कुणी शोधणार नाही. तिथे शीर्षकात पदार्थाचं नावच हवं. गडवाल्याकडे ‘ब्राउझ फीचर्स’ वरचढ आहे, म्हणजे यूट्यूब उघडल्यावर पहिल्या पानावर त्याचे व्हिडिओ समोर येतात आणि लोक थंबनेल बघून आत शिरतात. तिथे पदार्थाच्या नावाला तितकी किंमत नाही. तिथे गड, चूल आणि दोन चेहरे एका चौकटीत कसे दिसतात त्याला आहे. एकच व्हिडिओ दोन्हीकडे जसाच्या तसा टाकून भागणार नाही, हे इथंच कळतं.

या तक्त्यात आणखी एक ओळ बघून ठेवावी, ‘यूट्यूब ॲडव्हर्टायझिंग’. व्हिडिओची जाहिरात करून, पैसे मोजून आणलेले व्ह्यूज तिथे दिसतात. जाहिरात करण्यात गैर काही नाही, पण तो आकडा मोठा असेल तर पुढच्या व्हिडिओला पैसे न मोजता तेवढे लोक येणार नाहीत. असंच देशांच्या यादीचं. मराठी चॅनेलवर भारत पहिला असतो, मागोमाग आखाती देश, अमेरिका वगैरे, जिथे मराठी माणसं आहेत. मराठी घरं सहसा नसलेल्या एखाद्या देशातून निम्मे व्ह्यूज दिसले, तर ते कुठून आले हा प्रश्न संकोच न ठेवता विचारावा.

आता ऑडियन्सचा टॅब. वय, स्त्री-पुरुष प्रमाण, कुठल्या वेळी प्रेक्षक यूट्यूबवर असतात, असे बरेच तक्ते त्यात असतात. लोक सगळ्यात आधी वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण बघतात. गडवाल्याकडे ८४ टक्के पुरुष, बहुतेक १८ ते ३४ वयाचे. ताईंकडे ५८ टक्के स्त्रिया, बहुतेक ३५ ते ५४. हे बघून “आपलं काही जुळत नाही” म्हणत विषय सोडून देणारे मी पाहिले आहेत. मला ती घाई वाटते. हे आकडे माणूस कोण ते सांगतात, त्याला काय आवडतं ते सांगत नाहीत. त्या तरुणाच्या निरोपातच आहे की त्याची आई ताईंचे व्हिडिओ बघते. एकाच घरात दोन फोनवर दोन्ही चॅनेल चालू असू शकतात.

त्याहून उपयोगी तक्ता त्याच टॅबमध्ये असतो, आपले प्रेक्षक आणखी कुठली चॅनेल बघतात त्याचा. तिथे दोघांनी एकमेकांचं नाव शोधावं. गडवाल्याच्या यादीत ताई आधीच वरच्या क्रमांकावर असतील, तर दोघांचे प्रेक्षक बऱ्याच अंशी तेच आहेत. मग कोलॅबने मजा येईल, पण नवे लोक फारसे मिळणार नाहीत. आमच्या जोडीत दोघांच्याही यादीत दुसऱ्याचं नाव नाही. हे चांगलं की वाईट, ते याच एका गोष्टीवरून सांगता येत नाही. म्हणून तिसरं बघायचं, दोन्ही याद्यांत सारखं असलेलं एखादं चॅनेल आहे का? इथे आहे. कोकणातल्या गावांतून हिंडणारं, घरं, बागा, जत्रा दाखवणारं एक चॅनेल दोघांकडेही यादीत दिसतं. म्हणजे गडवाल्याच्या प्रेक्षकांतला एक गट आणि ताईंच्या प्रेक्षकांतला एक गट, दोघांनाही कोकणातलं गाव बघायला आवडतं. कोलॅबचा विषय तिथे आहे. देशावरचा गड घेतला तर हा धागा सुटेल. लहान चॅनेलना मात्र हा तक्ता रिकामा दिसतो, कारण पुरेशी माहिती जमल्याशिवाय यूट्यूब तो भरत नाही. रिकामा आला म्हणून समोरचा लपवतो आहे असं समजू नये.

याच टॅबमध्ये प्रेक्षकांचे तीन गट दिसतात. नवे, अधूनमधून येणारे आणि नियमित. नियमित म्हणजे गेल्या वर्षभरात सहा किंवा जास्त महिन्यांत कधीतरी आलेले. गडवाल्याकडे नव्यांचा लोट मोठा आणि नियमितांची रेघ तळाशी चिकटलेली दिसते, शॉर्ट्सवाल्यांकडे असं चित्र पुष्कळदा असतं. ताईंकडेही नवेच जास्त, कारण शोधून आलेला माणूस पिठलं शिकून निघून जातो. दोघांचं दुखणं एकच निघालं. आलेला माणूस परत येत नाही. अशा दोघांनी एकमेकांकडे प्रेक्षक पाठवायचे तर दोन्हीकडे एकेक व्हिडिओ हवा आणि एकातून दुसऱ्याकडे जायचं ठोस कारण हवं. “यांच्या चॅनेललाही भेट द्या” हे कारण होत नाही. “ही भाकरी गडाखालच्या चुलीवर भाजली, ती वाट पुढच्या व्हिडिओत आहे” हे होतं.

आता रिटेन्शनचे आलेख. माझ्या मते सगळ्या देवघेवीत हेच सर्वांत मोलाचे, आणि लोक नेमके हेच मागायचे विसरतात. आलेख व्हिडिओगणिक वेगळा असतो. डावीकडून उजवीकडे व्हिडिओची वेळ सरकते आणि रेघेची उंची सांगते की त्या क्षणाला किती टक्के लोक बघत होते. रेघ उतरत जाणारच, त्याचं काही नाही. बघायचं असतं ती कुठे कोसळते, कुठे सपाट राहते आणि कुठे उलटी वर उठते. वर उठली म्हणजे लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा बघत आहेत किंवा पुढे उडी मारून तिथे आले आहेत.

तरुणाच्या व्हिडिओंची लांबी साधारण १४ मिनिटं, आणि सरासरी बघण्याचा वेळ ४ मिनिटं १० सेकंद. म्हणजे ३० टक्के. ताईंच्या व्हिडिओंची लांबी ७ मिनिटं २० सेकंद आणि सरासरी ४ मिनिटं ५ सेकंद, म्हणजे जवळपास ५६ टक्के. टक्केवारी बघून ताई खूश होतील आणि तरुण ओशाळेल. पण मिनिटं बघा. दोघांकडेही माणूस चार मिनिटंच थांबतो. लांबी वेगळी असलेल्या व्हिडिओंची टक्केवारी एकमेकांशेजारी ठेवू नये ती यासाठी. दोघांनी मिळून व्हिडिओ केला तर माणूस अचानक पंधरा मिनिटं थांबेल असं मानायला काही आधार नाही.

तरुणाच्या डोक्यात व्हिडिओचा आराखडा तयार होता. पहाटे गड चढायचा, वर भटकायचं, भूक लागली की खाली उतरायचं आणि चुलीपाशी बसून पिठलं-भाकरी खायची. प्रवासवर्णन म्हणून हा क्रम उत्तम आहे, कुणीही असाच लिहील. पण त्याच्या आलेखावर अकराव्या मिनिटावर बोट ठेवलं तर रेघ १४ टक्क्यांवर आहे. ताई ज्या मिनिटाला चूल पेटवणार, त्या मिनिटाला शंभरातले चौदा जण उरलेले असणार. ९ हजारांतले साधारण बाराशे-साडेबाराशे. ज्यांच्यासाठी कोलॅब करायचा त्यांना पाहुणी दिसणारच नाही. म्हणून क्रम बदलावा लागतो. पहाटे गड चढण्याआधी ताईंच्या चुलीपाशी सुरुवात, शिदोरी बांधून घेणं, आणि मग चढण. वर बसून ती शिदोरी सोडली की शेवटही सापडतो. गोष्ट तीच, पण ताई पहिल्या दोन मिनिटांत आल्या.

त्याच्या आलेखात आणखी एक घसरण आहे, अगदी सुरुवातीला. तिसाव्या सेकंदाला ५२ टक्केच लोक शिल्लक आहेत. व्हिडिओ उघडून पाहिला तर कारण दिसतं. पहिली पन्नास सेकंदं ड्रोनची दृश्यं आणि त्यावर संगीत. दृश्यं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण थंबनेलवर जे बघून माणूस आत आला ते अजून सुरू झालेलं नाही. ताईंकडे तिसाव्या सेकंदाला ६८ टक्के आहेत, कारण त्या थेट कुळीथ निवडायला घेतात. त्यांचा आलेख एका ठिकाणी चक्क वर उठतो, १ मिनिट १० सेकंदांवर, जिथे पीठ आणि पाण्याचं प्रमाण दाखवलं आहे. लोक तिथे मागे जाऊन वाटी मोजत आहेत. हा उंचवटा बघून एक सूचना सुचते. तरुणाला ताईंच्या व्हिडिओत आणायचा तर नेमका याच्या आसपास, प्रमाण विचारणारा म्हणून आणावा. नवशिक्याने विचारलेला प्रश्न बघणाऱ्याच्याही मनात असतो.

कोलॅबच्या व्हिडिओंत हमखास होणारी चूक म्हणजे परस्परपरिचय. “आज आपल्यासोबत आहेत अमुक, यांचं चॅनेल तुम्हाला माहीतच आहे” इथपासून दोघं एकमेकांचं कौतुक करत दोन मिनिटं घालवतात. आलेखावर त्या दोन मिनिटांचा कडा दिसतो, सरळ खाली. पाहुण्याचं नाव पडद्यावर लिहावं आणि त्याला कामाला लावावं.

स्क्रीनशॉटवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न राहतो. बनावट करणं अवघड नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून पानावरचा कुठलाही आकडा मिनिटभरात बदलता येतो, त्याला फोटो संपादनाचीही गरज नाही. त्यापेक्षा साधी आणि जास्त चालणारी लबाडी म्हणजे मुदत कापणं. स्टुडिओ आपणहून २८ दिवस दाखवतो. त्या २८ दिवसांत एखादा व्हिडिओ उसळला असेल तर चित्र गुलाबी दिसतं, आणि वरच्या कोपऱ्यातल्या तारखा कातरल्या की ते कळतही नाही. म्हणून तारखा दिसत नसलेला स्क्रीनशॉट परत पाठवावा आणि तारखांसकट मागावा. ९० दिवस ठीक, ३६५ दिवस असतील तर आणखी चांगलं, कारण गडाचे चॅनेल पावसाळ्यात आणि खाण्याचे सणासुदीला फुगतात. उघड दिसणाऱ्या व्ह्यूजशी ताळा घालावा. शेवटच्या दहा व्हिडिओंची बेरीज पडद्यावरच्या आकड्याहून फारच वेगळी असेल आणि शॉर्ट्सनेही फरक भरून निघत नसेल, तर विचारावं.

खरं तर स्क्रीनशॉटपेक्षा बरे दोन मार्ग आहेत. एक, स्टुडिओ उघडून, पान ताजं करून, वरून खालपर्यंत सरकवत केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग. बदललेला आकडा पान ताजं केलं की पुसला जातो. दुसरा, चॅनेलच्या परवानग्यांमध्ये समोरच्याला ‘व्ह्यूअर लिमिटेड’ ही भूमिका देणं. त्याला ॲनालिटिक्स बघता येतं, काही बदलता येत नाही आणि कमाईही दिसत नाही. काम झालं की परवानगी काढून घ्यायची. पहिल्याच ओळखीत मी हे सुचवणार नाही, पण दोन-तीन व्हिडिओंची मालिका ठरत असेल तर हाच स्वच्छ मार्ग आहे.

पाठवणाऱ्यानेही सांभाळायच्या गोष्टी आहेत. ज्यांच्या चॅनेलवर जाहिरातींची कमाई सुरू आहे त्यांच्या ओव्हरव्ह्यूच्या पहिल्याच पडद्यावर व्ह्यूज, वॉच टाइम आणि सबस्क्रायबरच्या शेजारी अंदाजे कमाईचा चौकोन असतो. घाईत तो तसाच जातो. मोबाइलवरून काढलेल्या स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत एखादी सूचना, बँकेचा मेसेज, कुणाचं नाव डोकावतं. आणि पाठवलेलं चित्र पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो. एखाद्या ब्रँडला “आम्हा दोघांचे आकडे” म्हणून ते परस्पर दाखवलं गेल्याची तक्रार ऐकू येते. तरुणाने निरोपात “बाहेर कुणाला दाखवणार नाही” लिहिलं ते बरं केलं. ताईंनीही उत्तरात ते एक वाक्य लिहून टाकावं.

कमाईचा विषय वेगळा, आणि तो आकड्यांच्या आधी नव्हे तर नंतर यावा. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, आणि चॅनेलवाला म्हणजे ज्याने व्हिडिओ चढवला तो. यूट्यूबने २०२५ मध्ये एका व्हिडिओला दुसऱ्या चॅनेलला सहयोगी म्हणून जोडण्याची सोय आणली. दोघांची नावं एकत्र दिसतात आणि व्हिडिओ दोघांच्या प्रेक्षकांपुढे जाऊ शकतो. पण पैसे चढवणाऱ्याकडेच राहतात. म्हणून दोन व्हिडिओ, एकेक दोघांकडे, हा तोडगा हिशोबालाही सोपा पडतो. प्रायोजक आला तर त्याचे पैसे कसे वाटायचे ते मात्र शूटिंगच्या आधी लिहून ठेवावं.

आमच्या जोडीचं मग असं ठरतं. गड कोकणातला. ताईंच्या चॅनेलवर आठ मिनिटांचा व्हिडिओ, शीर्षकात कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी, पहिल्या वीस सेकंदांत चूल. गडवाल्याकडे बारा मिनिटांचा, चुलीपासून सुरू होणारा. ताईंचे प्रेक्षक दुपारी असतात आणि त्याचे रात्री नऊनंतर, तर आपापल्या वेळेला टाकावा. वेळेवरून फार वाद घालू नये, प्रसिद्ध करण्याच्या वेळेचा लांबच्या पल्ल्यात थेट परिणाम होतो असं यूट्यूब स्वतःही म्हणत नाही. आणि दुसऱ्या दिवशी आकडे जुळवायला बसाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की स्टुडिओतला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोडतो. आपल्याकडे तो दुपारी साडेबारा किंवा दीडला सुरू होतो, तिथल्या ऋतूप्रमाणे. “काल माझ्याकडे जास्त, तुझ्याकडे कमी” ही भांडणं बऱ्याचदा यातूनच निघतात.

कोलॅब जमला की नाही हे पहिल्या रात्रीच्या व्ह्यूजवरून ठरवू नये. २८ दिवसांनी दोघांनी पुन्हा दोन आकडे एकमेकांना पाठवावेत. त्या व्हिडिओतून सबस्क्रायबर किती आले, आणि त्यानंतर टाकलेल्या आपल्या नेहमीच्या व्हिडिओला मधला आकडा किती पडला. ताईंचे ८ हजार ८ हजारच राहिले तर पाहुणे आले, जेवले आणि गेले. साडेनऊ-दहा हजार झाले आणि पुढच्या तीन-चार व्हिडिओंत तिथेच टिकले, तर दुसरा कोलॅब जरूर करावा.

असा निरोप तुम्हाला आला, तर आधी समोरच्याने स्वतःचे पडदे पाठवलेत का ते बघा. पाठवले असतील तर तेवढेच, त्याच मुदतीचे तुम्हीही पाठवा. फक्त सबस्क्रायबरचा आकडा आणि उसळलेल्या एका व्हिडिओचा स्क्रीनशॉट आला असेल, तर ९० दिवसांचा ऑडियन्स टॅब मागा. तो देण्यात कुणी टाळाटाळ केली तर नम्रपणे नाही म्हणा, आणि कमाईचा टॅब पहिल्याच निरोपात मागितला तर उत्तर देण्याचेही कष्ट घेऊ नका.